फ्रेंड्स: ‘द वन विथ...’ या यादीतून हवा तो एपिसोड कसा शोधायचा?

मेघना_ठाणे

फ्रेंड्सचे चाहते इथे बरेच आहेत, म्हणून विचारते. भाचा पहिल्यांदाच फ्रेंड्स बघतोय आणि त्याला माझे आवडते एपिसोड आधी दाखवायचे आहेत. प्रसंग सगळे डोळ्यांसमोर आहेत, पण यादीत ते सापडत नाहीत. जवळजवळ प्रत्येक नाव ‘द वन विथ’ नाहीतर ‘द वन व्हेअर’ने सुरू होतं. दहा सीझनची यादी वरपासून खालपर्यंत वाचली तरी मला हवे असलेले तीन मिळाले नाहीत:

एक, रॉस नवा सोफा जिन्यातून वर नेतो आणि ‘पिव्हट, पिव्हट’ ओरडतो तो. यादीत सोफा नाही, काउच नाही, जिना नाही.

दोन, रेचल ट्रायफलमध्ये खिमा घालते तो.

तीन, रॉसची चामड्याची पँट.

थेट नंबर सांगितलेत तर छानच, पण शोधायची रीत कळली तर जास्त बरं. माझी यादी इथे थांबणारी नाही.

---

रानवारा

सोपं आहे. नाव म्हणजे त्या भागाची मुख्य गोष्ट. तुम्हाला आठवतोय तो प्रसंग मुख्य गोष्टीचा आहे का ते ठरवा आणि नावाशी जुळवा. ‘द वन विथ’च्या पुढे वस्तू किंवा माणूस येतो, ‘द वन व्हेअर’च्या पुढे घटना. सोफा ही वस्तू, म्हणजे ‘विथ’वाल्यांत बघा. निम्मी यादी तिथेच गळते.

---

मेघना_ठाणे

‘विथ’वाली सगळी बघितली हो. सोफा नाहीच.

---

चकोर

मेघना, आधी उत्तरं देतो.

सोफा: सीझन ५, एपिसोड १६, ‘द वन विथ द कॉप’.
ट्रायफल: सीझन ६, एपिसोड ९, ‘द वन व्हेअर रॉस गॉट हाय’.
चामड्याची पँट: सीझन ५, एपिसोड ११, ‘द वन विथ ऑल द रिझोल्यूशन्स’.

आता रीत. रानवारा यांचं ‘विथ’ आणि ‘व्हेअर’बद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण फ्रेंड्सच्या एका भागात बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी शेजारी शेजारी चालतात आणि नाव त्यांतल्या एकीलाच मिळतं. आपल्याला हसवून गेलेली गोष्ट नेमकी तीच असेल असं नाही.

पोलिसाचाच भाग घ्या. त्यात फीबीला पोलिसाचा बिल्ला सापडतो आणि ती तो दाखवून लोकांना दटावत फिरते. जोईला मोनिकाबद्दल स्वप्न पडतं आणि तो बेचैन होतो. तिसरीकडे रॉस सोफा घेतो, घरपोच आणायचे पैसे द्यायला नकार देतो आणि रेचल-चँडलरला हाताशी धरून जिना चढायला लागतो. नाव मिळालं बिल्ल्याच्या गोष्टीला, कारण तिच्या ओघात फीबीची त्या पोलिसाशी ओळख होते आणि ते प्रकरण पुढच्या भागांत चालू राहतं. लेखकांसाठी ती गोष्ट पुढे जाणारी होती. सोफा त्याच भागात सुरू होऊन तिथेच संपला, आणि आज वीस-पंचवीस वर्षांनी लोकांच्या तोंडी राहिला तो सोफाच.

ट्रायफलचंही तेच. कूकबुकची दोन पानं चिकटल्यामुळे रेचल अर्धं ट्रायफल आणि अर्धा शेफर्ड्स पाय असा पदार्थ करते. पण नावातली गोष्ट वेगळी आहे. रॉसने कॉलेजात असताना गांजा ओढला होता आणि आळ चँडलरवर ढकलला होता, म्हणून मोनिकाच्या आईवडलांना चँडलर आवडत नाही. त्या भागाची गाठ तिथे सुटते आणि मोनिका-चँडलरचा मार्ग मोकळा होतो. ट्रायफल कितीही लाडकं असलं तरी यादीत ते मिळणार नाही.

पँटचा भाग निराळा आहे. तिथे नावात वस्तू नाही, पण निमित्त आहे. रॉस नव्या वर्षाचा संकल्प करतो की रोज काहीतरी नवीन करायचं, म्हणून ती पँट. ‘हा प्रसंग घडला कशामुळे?’ एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला की अशी नावं सापडतात.

---

रानवारा

पण मग नाव ठेवायची पद्धत चुकीचीच म्हणायची. प्रेक्षक ज्याला ‘सोफ्याचा भाग’ म्हणणार त्याला ‘पोलिसाचा भाग’ म्हणून काय उपयोग?

---

चकोर

उपयोग होता, फक्त त्यांच्यापुरता. मार्टा कॉफमन आणि डेव्हिड क्रेन यांनी ही पद्धत ठेवली कारण नावं सुचवण्यात लेखकांचा वेळ जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. प्रेक्षक तसंही ‘अरे तो नाही का, ज्याच्यात अमुक होतं’ असंच म्हणणार, मग तेच नाव ठेवूया, असा विचार. शिवाय फ्रेंड्समध्ये एपिसोडचं नाव पडद्यावर कधी येतच नाही. १९९४ साली टीव्हीवर बघणाऱ्याला ते दिसायची सोय नव्हती. नाव आधी ठरलं, प्रेक्षकांचं लाडकं काय ते नंतर ठरलं. आज अ‍ॅपवर तीच नावं मेन्यू म्हणून समोर येतात, म्हणून आपली पंचाईत होते.

काही नावं मात्र अगदी नेमकी आहेत. दुसऱ्याच एपिसोडचं नाव ‘द वन विथ द सोनोग्राम अ‍ॅट द एंड’ आहे. सोनोग्राम शेवटी आहे हेसुद्धा सांगून टाकलंय.

---

भास्कर_सोलापूर

मलाही असाच एक भाग हवा आहे. सीआयडीचा. जुना वाडा, कोरडी विहीर आणि तिच्यात सांगाडा. सुरुवातीच्या वर्षांत सीआयडीच्या भागांचीही ठरलेली नावं असायची, ‘द केस ऑफ अमुक’ अशी. मी ‘द केस ऑफ द वेल’ शोधलं, काही मिळालं नाही. कोणाला आठवतोय का?

---

चकोर

भास्करकाका, हा भाग मला आठवत नाही. पण ‘द केस ऑफ’ म्हणजे फ्रेंड्ससारखंच, पुढचा शब्द लेखकाने उचललेला. रहस्यकथेत अडचण आणखी वाढते, कारण नावात विहीर किंवा सांगाडा टाकला तर रहस्यच फुटेल. नाव बहुधा सुरुवातीच्या गुन्ह्यावरून असणार: कोण बेपत्ता झालं, काय चोरीला गेलं. विहीर सोडा, पहिल्या पाच मिनिटांत काय झालं होतं ते आठवून बघा.

आणि पडद्यावर कोण होतं ते आठवा. आशुतोष गोवारीकर होते का? ते इन्स्पेक्टर वीरेंद्र म्हणून अगदी सुरुवातीच्या काळात होते. ते आठवत असतील तर १९९८-९९च्या आसपासचे भाग बघा. शिवाजी साटम आठवून काही उपयोग नाही, ते सगळीकडेच आहेत. आणखी एक, सुरुवातीची प्रकरणं दोन-दोन भागांत असत. सांगाडा दुसऱ्या भागात मिळाला असेल तर पहिला भाग उघडून ‘हा नव्हे’ म्हणून सोडून दिला जाण्याची शक्यता आहे.

---

भास्कर_सोलापूर

गोवारीकर होते असं वाटतं. घरी विचारून सांगतो, आमच्या हिला जास्त आठवतं.

---

तृप्ती_न्यूजर्सी

मेघना, चकोर यांनी सांगितलं त्यात एक भर. फ्रेंड्ससाठी अमेरिकेतलं टीव्हीचं कॅलेंडर फार कामी येतं. सीझन सप्टेंबरच्या शेवटी सुरू व्हायचा, दर गुरुवारी एक भाग, आणि मे महिन्यात शेवट. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. त्यामुळे दुसरा सीझन सोडला तर थँक्सगिव्हिंगचा भाग सगळ्या सीझनमध्ये आठवा किंवा नववा आहे. टर्की दिसली की प्रत्येक सीझनचे दोनच भाग उघडून बघायचे.

ट्रायफल हा थँक्सगिव्हिंगचाच स्वयंपाक आहे, त्यामुळे नाव माहीत नसतानाही ८ किंवा ९ हे पक्कं होतं. मोनिका-चँडलर एकत्र आहेत पण तिच्या आईवडलांना अजून सांगितलेलं नाही, म्हणजे पाचवा नाहीतर सहावा सीझन. पाचव्याचा थँक्सगिव्हिंग म्हणजे ‘द वन विथ ऑल द थँक्सगिव्हिंग्ज’, तोच तो डोक्यात टर्की घातलेला. तो नव्हे, म्हणून सहावा. नाव न वाचताच आपण ६-९ वर पोचलो.

नाताळ त्यानंतर लगेच, साधारण दहाव्याच्या आसपास. रॉस आर्मडिलो बनून येतो तो ७-१० आहे. नव्या वर्षाचं काही असेल तर त्याच्या पुढे. पँटचा भाग ५-११ आहे आणि तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दाखवला गेला होता. लग्नं, प्रपोजल, बाळंतपणं ही बहुतेक मे महिन्यातली, म्हणजे सीझनच्या टोकाला.

---

मेघना_ठाणे

हे भारी आहे! आम्ही केबलवर कधीही, कुठल्याही क्रमाने बघायचो, त्यामुळे यामागे कॅलेंडर आहे हे लक्षातच आलं नव्हतं.

एक शंका. भाच्याच्या पेन ड्राइव्हवर आणि अ‍ॅपवर नंबर जुळत नाहीत. प्रॉम व्हिडिओचा भाग एका ठिकाणी २-१४ आणि दुसरीकडे २-१३ आहे. खरा कुठला?

---

चकोर

दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्या सीझनमध्ये ‘द वन आफ्टर द सुपरबोल’ हा एक तासाचा जोडभाग आहे. तो दोन धरला तर १२ आणि १३, मग प्रॉम व्हिडिओ १४. कोणी त्याला सलग एकच धरला की पुढचे सगळे एकाने मागे येतात.

असे जोडभाग बऱ्याच सीझनना आहेत, पण बहुतेक शेवटी आहेत. शेवटचा भाग एक धरा की दोन, त्याच्या आधीचं काही हलत नाही. घोळ होतो तो सीझनच्या मधोमध येणाऱ्यांनी. दुसऱ्यात सुपरबोल, सहाव्यात ‘द वन दॅट कुड हॅव बीन’, म्हणजे १५ आणि १६. उनागीचा भाग म्हणूनच कुठे ६-१७ तर कुठे ६-१६ दिसेल. पहिल्या सीझनमध्येही १६-१७ ही जोडी आहे, पण ती सहसा वेगवेगळी ठेवलेली असते. पाचव्यात मधे जोडभाग नाही, त्यामुळे सोफा सगळीकडे ५-१६ वरच मिळायला हवा.

म्हणून कोणाला सांगताना नंबर आणि नाव दोन्ही सांगावं.

---

गणकयंत्र

पेन ड्राइव्हवर फाइली असतील आणि सोबत सबटायटल असतील तर यादी वाचत बसायची गरजच नाही. सबटायटलच्या .srt फाइली साध्या मजकुराच्या असतात. सगळ्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरमध्ये कमांड विंडो उघडून हे टाका:

```
findstr /i /m "pivot" *.srt
```

लिनक्स किंवा मॅक असेल तर:

```
grep -il "pivot" *.srt
```

ज्या फाइलींत तो शब्द आहे त्यांची फक्त नावं येतील. फाइलच्या नावात S05E16 असं लिहिलेलं असलं की काम झालं.

---

मेघना_ठाणे

चाललं! trifle टाकून ट्रायफलही मिळालं. पण turkey टाकलं तर मोठी यादी आली.

---

गणकयंत्र

बोलण्यात जो शब्द क्वचित येतो तो निवडायचा. टर्की सगळ्याच थँक्सगिव्हिंगमध्ये येणार. आणि शब्द पात्राने उच्चारलेला हवा. नुसतं दिसलेलं, म्हणजे कोणाच्या डोक्यावर काय होतं, केस कसे होते, हे सबटायटलमध्ये नसतं. तिथे तृप्ती यांचं कॅलेंडरच बरं.

---

रानवारा

मग माझं म्हणणं इतर मालिकांना तरी लागू होतं. ‘टू अँड अ हाफ मेन’मध्ये एपिसोडचं नाव म्हणजे त्याच भागातला एखादा संवाद असतो. तिथे नावावरून भाग नक्की सापडणार.

---

गणकयंत्र

नाव माहीत असेल तर सापडेल, सबटायटलमध्ये तोच संवाद शोधायचा. पण उलटा प्रवास, म्हणजे प्रसंगावरून नाव, तिथे फ्रेंड्सपेक्षाही कठीण आहे. पहिल्या भागाचं नाव ‘मोस्ट चिक्स वोंट ईट व्हील’ आहे. एक भाऊ मुलाला घेऊन दुसऱ्याच्या घरी राहायला येतो, हे त्या नावावरून कोणाला कळणार?

---

तृप्ती_न्यूजर्सी

आणि बिग बँग थिअरीत शेवटचा शब्द सरळ सोडून द्यायचा. हायपोथेसिस, कोरोलरी, डेफिशियन्सी वगैरे शास्त्रीय शेपूट असतं, खूण मधल्या शब्दांत असते. ‘द बाथ आयटम गिफ्ट हायपोथेसिस’ म्हणजे शेल्डन पेनीला द्यायला अंघोळीच्या वस्तूंच्या टोपल्या आणतो तो. ‘द अढेसिव्ह डक डेफिशियन्सी’ म्हणजे टबमध्ये पाय घसरू नये म्हणून चिकटवायची बदकं नव्हती आणि पेनी पडली तो. फ्रेंड्सपेक्षा ही नावं मला शोधायला सोपी वाटतात, कारण दोन-तीन शब्दांत वस्तू आणि तिचं काय झालं हे दोन्ही येतं.

---

चकोर

इथे मी थोडा असहमत आहे. नाव वाचून भाग आठवतो हे खरं. पण पेनी टबमध्ये पडली हे आठवणाऱ्याला ‘अढेसिव्ह’ हा शब्द सुचेल का? नावापासून भागाकडे जाणं आणि भागापासून नावाकडे जाणं यांत फरक आहे, आणि मेघनाचा प्रश्न दुसरा होता.

---

तृप्ती_न्यूजर्सी

मला डक सुचलं असतं. ‘पेनी पडली’ एवढंच आठवणाऱ्याला सुचणार नाही, हे मान्य.

---

नाममात्र

नावापासून भागाकडे जायचं तर मिस्टर रोबॉटचा चौथा सीझन बघा. इतकी सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही. वेबसाइट उघडली नाही की जे एरर कोड येतात तीच नावं आहेत. पहिला भाग `401 Unauthorized`, चौथा `404 Not Found`, सातवा `407 Proxy Authentication Required`. पहिला आकडा सीझन, पुढचे दोन एपिसोड. दहाव्या भागापर्यंत हे चालतं, `410 Gone` हा शेवटचा. त्यानंतरच्या तीन भागांना कोड नाही.

---

रानवारा

मिस्टर रोबॉटच्या आधीच्या सीझनमध्येही आकडे आहेत ना? फाइलच्या नावासारखे. `eps1.1` म्हणजे सीझन १, एपिसोड १.

---

नाममात्र

सीझनचा आकडा बरोबर, एपिसोडचा नाही. तिथे मोजणी शून्यापासून आहे. पहिला भाग `eps1.0_hellofriend.mov`, त्यामुळे `eps1.1_ones-and-zer0es.mpeg` हा दुसरा. एक मिळवायचा, एवढं ध्यानात ठेवलं की पहिल्या सीझनपुरतं भागतं. दुसऱ्यात तेही पुरत नाही. तिथे `eps2.0_unm4sk` चेच दोन भाग आहेत, म्हणून `eps2.1_k3rnel-pan1c.ksd` हा तिसरा. फ्रेंड्समधल्या सुपरबोलचाच प्रकार.

---

अवंती_पर्वरी

‘द गुड वाइफ’ कोणी बघितली आहे का? तिच्यात नावातले शब्द मोजायचे. पहिल्या सीझनमध्ये एक शब्द, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार, मग उतरत पाचव्यात तीन, सहाव्यात दोन, सातव्यात एक. पहिला भाग ‘पायलट’, शेवटचा ‘एंड’. वकिली मालिकांची नावं मला एरवी लक्षात राहत नाहीत, पण या मालिकेत नाव ऐकलं की निदान सीझन सांगता येतो. चार शब्द असले की चौथाच. तीन असले तर तिसरा की पाचवा हे मात्र गोष्टीवरून ठरवावं लागतं. ‘हिटिंग द फॅन’ पाचव्यातला आहे. अलिशिया फर्म सोडायला निघाली आहे हे आठवलं की तो तिसऱ्यातला असूच शकत नाही.

---

मेघना_ठाणे

अवंती, ही मालिका यादीत घेतली.

आता एक अडकलेला प्रश्न. सेंट्रल पर्कमधल्या एका प्रसंगात मला एक लांब वाद आठवतो. तो भाग आम्हाला सापडला, पण अ‍ॅपवर तो वाद नाही. दोन वाक्यांत संपतो. मी पूर्वी डीव्हीडीवर बघितलं होतं. सबटायटलमध्ये शोधलं तर तिथेही नाही.

---

गणकयंत्र

फ्रेंड्सच्या डीव्हीडीवर बऱ्याच भागांत टीव्हीवर न दाखवलेले तुकडे जोडलेले होते. अ‍ॅपवर जी आवृत्ती आहे ती टीव्हीवाली असेल तर तो वाद नसणारच. तुमच्या .srt फाइली कुठल्या आवृत्तीच्या आहेत ते बघा. सबटायटल सुरुवातीला जुळतात आणि मध्येच एका ठिकाणापासून कायम पुढे-मागे होतात, असं दिसलं तर व्हिडिओ एका आवृत्तीचा आणि सबटायटल दुसऱ्या आवृत्तीचे. जिथून बिघडलं तिथेच तुकडा कापलेला किंवा जोडलेला आहे.

---

चकोर

यावर मला खात्रीने सांगता येईल असा मार्ग माहीत नाही. तोच वाद दोन भागांत थोड्या फरकाने आलेला असणंही शक्य आहे. ‘स्मेली कॅट’ हे गाणं जसं कितीतरी भागांत आहे. ते पहिल्यांदा येतं २-६ मध्ये, आणि त्या भागाचं नाव आहे ‘द वन विथ द बेबी ऑन द बस’. मांजर नावात नाहीच. मेघना, वाद कशावरून होता आणि कोणाकोणात, ते लिही.

---

मेघना_ठाणे

चँडलर आणि जोई. कारण नीट आठवत नाही. बहुतेक खुर्चीवरून. रात्री परत बघून लिहिते.

---

तृप्ती_न्यूजर्सी

खुर्चीवरून असेल तर आधी ३-२ बघ, ‘द वन व्हेअर नो वन्स रेडी’. पण तो सगळा मोनिकाच्या घरात घडतो, सेंट्रल पर्कमध्ये नाही. म्हणजे दोन भाग एकमेकांत मिसळले असावेत, नाहीतर दुसराच कुठलातरी.

---

भास्कर_सोलापूर

हिला विचारलं. ती म्हणते गोवारीकर होते, आणि सुरुवातीला एक शाळामास्तर बेपत्ता झाले होते. विहीर दुसऱ्या भागातच होती. आता मास्तर किंवा टीचर असं नाव शोधतो.